पुढच्या महिन्यापासून नक्की

कारखान्यांत पैशांच्या नियोजनावर बोलायला गेलो की चहाच्या वेळी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. नाशिकजवळच्या एका कारखान्यात ते एका सुपरवायझरकाकांनी ऐकवलं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. "सर, तुम्ही कितीही घसा कोरडा करा, या पोरांना शिस्तच नाही. पगार झाला की मोबाइल, नाहीतर गाडीचा हप्ता. आम्ही मन मारून शिल्लक टाकली."

शिबिर दोन दिवसांचं होतं. मी म्हटलं, काका, उद्या जुन्या पगाराच्या पावत्या असतील तर आणा. माणूस टापटिपीचा, फाइलच घेऊन आले. १९९८ सालची एक पावती आम्ही टेबलावर पसरली. कपातीच्या रकान्यात एकाखाली एक होतं: भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, कामगारांच्या पतसंस्थेची मासिक वर्गणी, एलआयसीचा हप्ता. मुलीचं लग्न आणि घराचं छप्पर, दोन्ही याच रकान्यातून झालेलं. मग मी विचारलं, "आणि हातात आलेल्या पगारातून किती शिल्लक टाकलीत?" काका हसले. "हातात आलं ते संपलंच की. वीस तारखेनंतर वाण्याकडे वहीच चालायची."

हाच तो गैरसमज. बचत म्हणजे स्वभाव, मनोनिग्रह, घरचे संस्कार. ज्याच्याकडे आहे तो करतो, नाही तो उधळतो. काकांचा मनोनिग्रह मी नाकारत नाही. पण त्यांची बचत जिथे झाली तिथे त्याची गरज पडली नव्हती, आणि जिथे गरज होती तिथे तो वीस तारखेपर्यंतच टिकला.

याच गैरसमजाचा जरा शिकलेला भाऊ म्हणजे "लोकांना कळत नाही, चक्रवाढ व्याज समजावून सांगा, मग करतील." माझं पोट या समजुतीवर चालतं, तरीही सांगतो. अमेरिकेतल्या एका कंपनीत डेव्हिड लेबसन, ब्रिजिट मॅड्रियन या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच एक व्याख्यान झाल्यावर श्रोत्यांचा पाठपुरावा केला. निवृत्तीच्या योजनेत जे नव्हते, ते सगळेच्या सगळे म्हणाले की आता नाव घालणार. सहा महिन्यांनी पाहिलं तर शंभरातल्या चौदांनी घातलं होतं. उरलेल्या शहाऐंशींना विषय कळला नव्हता असं कसं म्हणणार? कळला, पटला, ठरवलंही. घोडं त्यापुढे अडलं.

ते कुठे अडतं हे समजायला थोडी आकडेमोड करू. जुन्या काळी मुदतीची हुंडी आधीच वटवायची तर सावकार वटाव कापून घ्यायचा. आपलं मनही उद्याच्या सुखदुःखावर तसाच वटाव कापतं. सावकाराचा वटाव सरळ मुदतीप्रमाणे वाढतो. मनाचा मात्र 'आज' आणि 'आज नाही' यांच्या सीमेवर एकदम मोठा कापला जातो आणि त्यापुढे जेमतेम वाढतो. आज की उद्या, हा फरक डोंगराएवढा. पण एक वर्ष की एक वर्ष आणि एक दिवस, हे आपल्याला सारखंच वाटतं. या कलाला हायपरबोलिक डिस्काउंटिंग म्हणतात. जॉर्ज एन्स्ली या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं, आणि १९९७ मध्ये लेबसन यांनी तो बचतीच्या अर्थशास्त्रात आणला.

समजा, हजार रुपये बाजूला काढण्याचा त्रास १० गुण आहे आणि त्याचा पुढे मिळणारा फायदा १६ गुण. मन आजच्या गोष्टीला पूर्ण भाव देतं, आणि आज नसलेल्या प्रत्येक गोष्टीला निम्मा. आज पैसे काढायचे तर त्रास आजचा, म्हणजे पुरे १०. फायदा नंतरचा, म्हणजे ८. तोट्याचा सौदा, आज नको. पुढच्या महिन्यात काढायचे तर त्रासही 'नंतर'मध्ये गेला, म्हणून तो ५, फायदा ८. उत्तम सौदा, पुढच्या महिन्यापासून नक्की! माणूस हे अगदी प्रामाणिकपणे म्हणतो. मग पुढचा महिना उजाडतो, त्याचं नाव 'आज' होतं, आणि हिशेब पुन्हा १० विरुद्ध ८.

हे आळसाहून किंवा उधळपट्टीहून वेगळं कसं ओळखायचं? ज्याला भविष्याची खरंच पर्वा नसते तो आजही नको म्हणतो आणि पुढच्या महिन्यातही नकोच म्हणतो. त्याचं मत फिरत नाही. 'आज नाही, पण पुढच्या महिन्यापासून' ही हायपरबोलिक मनाची सही आहे. तिच्यावर उपदेश चालत नाही, कारण उपदेश फायद्याचे गुण वाढवायला बघतो आणि अडचण असते तारखेत.

मग काय चालतं? फॉर्मवर काहीच न लिहिणाऱ्याचं पुढे काय होतं, ते बदलणं. याला डिफॉल्ट म्हणतात: तुम्ही काही निवडलं नाहीत तर आपोआप लागू होणारा पर्याय. मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ मध्ये छापलेला अभ्यास या विषयातला पायाचा दगड आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीत निवृत्तीच्या बचत योजनेत यायचं तर फॉर्म भरावा लागे. एप्रिल १९९८ पासून नव्या नोकरदारांसाठी नियम उलटा झाला: तुम्ही योजनेत आहातच, नको असेल तर फॉर्म भरा. योजना तीच, कंपनीचा वाटा तोच, बाहेर पडायची मोकळीक पूर्ण. बदलाच्या थोडं आधी रुजू झालेल्यांपैकी ४९ टक्के लोक योजनेत होते, बदलानंतर रुजू झालेल्यांपैकी ८६ टक्के. कोणाच्याही संस्कारांत एका एप्रिलमध्ये एवढा फरक पडत नाही.

पण गोष्ट इथे थांबवणाऱ्या उत्साही मंडळींवरही माझा राग आहे. त्या कंपनीने आपोआप कपातीचा दर ३ टक्के ठेवला होता आणि पैसे अगदी कमी परताव्याच्या सुरक्षित फंडात टाकले होते. बहुतेक जण तिथेच चिकटून बसले. कंपनी ६ टक्क्यांपर्यंत आपला वाटा घालायला तयार होती, तरी! एरवी स्वतःहून फॉर्म भरून जास्त टाकणारे काही जणही या ३ टक्क्यांवर येऊन स्थिरावले असणार, असं आकडे सांगतात. डिफॉल्ट हा लोकांना कंपनीचा सल्ला वाटतो. तो बेताचा ठेवला तर बचतही बेताचीच होते.

यावर रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी काढलेली तोड मला सर्वांत शहाणी वाटते, कारण तिने मनाची खोडच कामाला लावली. एका मध्यम आकाराच्या कारखान्यात सल्लागाराने आधी कामगारांना सरळ सांगितलं की बचत आत्ताच वाढवा. ऐकलं अठ्ठावीस टक्क्यांनी. उरलेल्या २०७ जणांना वेगळं विचारलं: आज काहीच कापू नका, पण पुढे दर पगारवाढीला तिच्यातून पगाराचे आणखी ३ टक्के वळवायला आज सही द्याल? बाहेर पडायची मुभा केव्हाही. १६२ जणांनी सही दिली. चाळीस महिन्यांत चार पगारवाढी झाल्या आणि या लोकांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली.

आपल्या १० आणि १६ च्या हिशेबात बसवून बघा. सही आज, त्रास पगारवाढीच्या महिन्यात. म्हणून आज तो ५ वाटतो आणि हात सहीला तयार होतो. पगारवाढ येते तेव्हा पैसे आपोआप वळलेले असतात, आता थांबवायचं तर उठून फॉर्म भरायला हवा, आणि तो फॉर्मही आपण पुढच्या महिन्यावर ढकलतो! शिवाय हातात येणारा पगार कमी होत नाही. पगार २५,००० चा २७,००० झाला आणि वाढीतले ८०० वळले, तर घरी २६,२०० येतात. कुठलाच खर्च कापावा लागत नाही.

बाकीचे गैरसमज पटापट उरकतो. "गरिबाकडे उरतच नाही, त्याला डिफॉल्ट काय करणार?" आपल्याच देशातल्या खेड्यांत व्हँसाँ सोमव्हिल आणि लोर व्हांडेवाल यांनी काहींना ठरावीक रक्कम दर आठवड्याला रोख दिली, काहींच्या खात्यात टाकली, पैसे काढायला दोघांनाही मोकळीक होती, तरी खातेवाल्यांची खात्यातली शिल्लक बरीच जास्त राहिली. "कुलूपबंद खातं कोण घेणार?" फिलिपिन्समधल्या एका बँकेने, ठरवलेलं उद्दिष्ट गाठेपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत, असं खातं देऊ केलं, जास्त व्याज न देता, अठ्ठावीस टक्क्यांनी ते हौसेने घेतलं. आपल्या बायका भिशी लावतात ती याचसाठी, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. "एसआयपी लावली, आता काळजी नाही." कपातीची तारीख २५ ठेवलीत तर खात्यात पैसे नसतील आणि बँक दंडही लावेल, पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची ठेवा. "मग डिफॉल्ट लावला की देशाचा प्रश्न सुटला." नाही सुटला. लोक नोकरी बदलताना साठवलेलं काढून घेतात, आणि हे सगळं धरून लेबसन आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा आपोआप नावनोंदणीने दीर्घकाळात पडणारी भर उत्पन्नाच्या जेमतेम ०.६ टक्के निघाली. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाला कात्री लावायला छाती लागते.

परत नाशिकला येतो. तिथल्या एचआर अधिकारी बाईंना डिफॉल्टची आणि पगारवाढीची ही तोड आवडली. पण आपल्याकडे कामगाराच्या लेखी संमतीशिवाय कंपनी ऐच्छिक बचत परस्पर कापू शकत नाही, त्यामुळे "नको असेल तर कळवा" हा प्रकार जमण्यासारखा नव्हता. त्यांच्याकडे पीएफमध्ये १२ टक्क्यांच्या वर स्वेच्छेने टाकायचा फॉर्म होता. तो मागेल त्यालाच मिळायचा, आणि मागायचं कोणी नाही. मी सुचवलं की नोकरीवर रुजू होण्याच्या कागदांतच तो घाला, 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन ठेवा, एकावर खूण केल्याशिवाय कागद पूर्ण धरू नका. अमेरिकेतल्या एका कंपनीत अशी निवड सक्तीची असताना योजनेत येणारे २८ टक्के बिंदूंनी जास्त होते. आणि खाली एक ओळ: पुढच्या पगारवाढीपासून वाढीचा अमुक हिस्सा.

काका शेजारी बसून ऐकत होते. फाइलमधून त्यांनी पतसंस्थेचा सभासद अर्ज काढला, पहिल्या दिवशीच्या तारखेचा, सहीसकट. "हा तेव्हा तुम्ही वाचला होतात?" मी विचारलं.

"कोण वाचतं हो? दहा कागद पुढे ठेवले होते. जिथे फुली होती तिथे सही केली."