चट्टा पसरतोय, तालुक्याला न्यायचं का?

कोकणातल्या एखाद्या वाडीवर भातलावणी ऐन भरात आहे आणि सकाळी आठ वाजता आशाताईच्या मोबाइलवर निरोप येतो असं समजा: "ताई, ह्यांच्या पायाला काल संध्याकाळपासून लाल चट्टा आलाय. काल घोट्याला होता, आज नडगीवर चढलाय. शेतात माणसं लावलीत. तालुक्याला न्यायलाच पाहिजे का?" सोबत पिवळ्या बल्बच्या उजेडात काढलेला फोटो.

त्या फोटोवरून फारसं काही ठरवता येत नाही. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे कातडी नुसती गडद, जांभळट आणि ताणून चकाकल्यासारखी दिसते. म्हणून ताईने आधी फोनवर विचारावं ते हे: काही चावलं का? पावसाळ्यात बांधावर फुरसं किंवा घोणस असते, आणि तिच्या दंशाची सूजही अशीच वर चढते. दाताच्या खुणा असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा चावल्याची नुसती शंका असेल, तरी वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

काही चावलेलं नसेल, तर पुढचा प्रश्न वेगाचा. गजकर्णही पसरतं, पण आठवड्यांच्या हिशेबाने. त्याची कड उठावदार असते, मधला भाग निवळत जातो, खाज भयंकर सुटते. पण दुखत नाही आणि ताप येत नाही. त्यासाठी कामं टाकून धावपळ नको, सवडीने डॉक्टरांना दाखवलं तरी चालतं. मात्र मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम लावू नये. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत वाढत राहते आणि चट्टा आणखी फैलावतो.

आपल्या निरोपातला चट्टा एका रात्रीत वीतभर चढला आहे. ताईने सांगितल्याप्रमाणे बायको तळहाताची मागची बाजू आधी चांगल्या पायाला लावते, मग दुखऱ्या. दुखरा पाय चांगलाच गरम लागतो आणि दाबला की ठणकतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात. रात्री थंडी वाजून आली होती. आणि घरधन्याला शुगरची गोळी चालू आहे.

चिखल्यांच्या भेगांतून जंतू कातडीखाली शिरले की तिथली ऊती सुजते आणि सूज पसरत जाते. डॉक्टर याला सेल्युलायटिस म्हणतात. वरून मलम चोपडून किंवा हळद लावून ते थांबत नाही, पोटातून अँटिबायोटिक लागतं. मधुमेह असला किंवा हत्तीरोगाने पाय आधीच सुजलेला असला, तर ते झपाट्याने बळावू शकतं. तेव्हा उत्तर असं: आजच दाखवायचं, उद्यावर टाकायचं नाही. पण आधी तालुक्याला नव्हे, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे ताप, नाडी, रक्तदाब आणि साखर तपासून डॉक्टर ठरवतील, की गोळ्यांवर भागेल की दाखल व्हावं लागेल.

निघण्यापूर्वी एक काम दोन मिनिटांत होतं. बॉलपेनने लालीच्या कडेकडेने रेघ ओढायची आणि शेजारी तारीख-वेळ लिहायची. मग खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, दोन्ही पाय एकत्र दिसतील असा फोटो काढायचा. "वाढलंय असं वाटतं" यापेक्षा "आठच्या रेघेपुढे दुपारपर्यंत दोन बोटं गेलंय" हे डॉक्टरांना कितीतरी उपयोगाचं. उशीवर पाय उंच ठेवून झोपायचं, चोळायचा मात्र नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी लाली रेघेपुढे थोडी सरकू शकते, तेवढ्याने घाबरून औषध बदलू नये. ताप आणि ठणका कमी होतोय का, ते पाहावं. दोन दिवसांनीही लाली पुढेच जात असेल, ताप उतरत नसेल, तर मग तालुक्याचा प्रवास खरंच गरजेचा आहे. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. चिखल्यांवरही उपचार करून घ्यायचे, नाहीतर पुढच्या लावणीला तोच पाय पुन्हा सुजू शकतो.

रेघेची वाट पाहत बसू नये अशीही वेळ असते. कातडीवर दिसतं त्याच्या मानाने दुखणं फारच जास्त असेल, कातडी काळीनिळी पडत असेल, पाण्याचे फोड येत असतील, भाग बधिर होत असेल, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा लघवी कमी झाली, तर जंतू खोलवर गेल्याची शक्यता असते. तिथे तासांचा प्रश्न असतो आणि अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. अशा वेळी मध्यरात्र असली तरी १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत.