पन्नाशीनंतरचा बायोडाटा: १९९१ साल शेवटी न्या, २०२१ नंतरचे काम वर आणा

अनुभव ३४ वर्षांचा, पण मुलाखतीचा फोन येत नाही. अनेकदा अडचण कामात नसते, कागदाच्या पहिल्या अर्ध्या पानात असते. काय काढायचे, काय ठेवायचे आणि कुठे थांबायचे, ते समजून घ्या.

एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या लोहखनिज उत्खननाने २०२१ नंतर वेग घेतला. खाण, क्रशर, खनिजाची वाहतूक आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरीचा प्रकल्प यांमुळे चालक, ऑपरेटर, फिटर, डिझेल मेकॅनिक अशा कामांची नावे आता गावागावांत ऐकू येतात. चंद्रपूर भागातल्या कोळसा खाणींत ठेकेदारांकडे वर्षानुवर्षे राबलेल्या माणसांना साहजिकच वाटते, घराजवळ काम मिळत असेल तर परत का येऊ नये?

मग ते झेरॉक्स सेंटरवर जातात आणि तयार नमुन्यात बायोडाटा टाइप करून घेतात. या नमुन्याची सुरुवातच नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती अशी होते. त्याखाली दहावीचे साल. म्हणजे काम वाचण्याआधीच समोरच्याला वय कळलेले असते.

कायदा किती मदत करतो?

फारशी नाही. राज्यघटनेच्या कलम १५ आणि १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशा आधारांवर भेदभावाला मनाई आहे. त्या यादीत वय नाही. खासगी नोकरीत वयावरून नाकारू नये असे सांगणारा सर्वसाधारण कायदाही भारतात नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्या कर्मचाऱ्यांसाठी असा कायदा १९६७ पासून आहे. राज्य सरकारच्या सरळसेवा भरतीत सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांची मर्यादा असल्याने तो रस्ता पन्नाशीनंतर जवळपास बंदच असतो. उरते खासगी कंपनी, ठेकेदार आणि वाहतूकदार. तिथे पहिली चाळणी कागदावर होते.

चाळणी करणाऱ्याच्या मनात साधारण तीन शंका असतात. या माणसाला नवी यंत्रे येतात का? तब्येत शिफ्टला साथ देईल का? आणि २८ वर्षांच्या इंजिनिअरच्या हाताखाली हा काम करेल का? या शंका कोणी तोंडावर बोलून दाखवत नाही, त्यामुळे उत्तर आधीच कागदात असावे लागते.

एक उदाहरण घेऊ

समजा, आलापल्लीचे एक डिझेल मेकॅनिक आहेत. जन्म १९७२ चा, वयाची ५३ वर्षे पूर्ण. १९९१ मध्ये आयटीआय. त्यानंतर २००० पर्यंत गॅरेजमध्ये ट्रॅक्टर दुरुस्ती. २००० ते २०११ रस्त्याच्या ठेकेदाराकडे रोलर आणि टिपर. २०११ ते २०२१ राजुरा भागातील खुल्या कोळसा खाणीत माती हटवणाऱ्या ठेकेदाराकडे एक्सकॅव्हेटर आणि डंपर. २०२१ ते २०२५ एका वाहतूकदाराकडे शिफ्टचे मेकॅनिक प्रमुख. आता अर्ज करायचा आहे खाणीतल्या देखभाल सुपरवायझरच्या जागेसाठी.

त्यांच्या जुन्या बायोडाटात गॅरेजची नऊ वर्षे सर्वात वर होती, कारण नमुना जुन्यापासून नव्याकडे जाणारा होता. शेवटच्या चार वर्षांना मिळाली एक ओळ: ‘मेकॅनिक म्हणून काम केले.’ ज्या कामावर ही नोकरी मिळू शकते, तेच काम दुसऱ्या पानाच्या तळाशी.

इथे पहिला बदल क्रमाचा. ताजे काम वर, जुने खाली. दुसरा बदल कात्रीचा: २०११ च्या आधीचे सगळे एका ओळीत. ‘त्याआधी: रस्ते बांधकामातील रोलर, टिपर आणि ट्रॅक्टर यांची दुरुस्ती.’ साल नाही, मालकाचे नाव नाही. मागची १० ते १५ वर्षे तपशिलाने दाखवावीत, त्याआधीचे आटोपते घ्यावे, हा सर्रास वापरला जाणारा संकेत आहे. या उदाहरणात कात्री २०११ वर लागते, कारण अर्ज खाणीसाठी आहे आणि खाणीचे काम तिथूनच सुरू होते. हीच व्यक्ती रस्ते बांधणाऱ्या कंपनीत अर्ज करत असेल, तर २००० ते २०११ चा तुकडा दोन-तीन ओळी मिळवू शकतो.

आयटीआय काढायचे का?

मुळीच नाही. आयटीआय ही या कामाची पात्रता आहे, ती राहणार. फक्त १९९१ हे साल लिहिण्याची गरज नाही. खाणकामातील मेट, ब्लास्टर, फोरमन अशा वैधानिक प्रमाणपत्रांचे मात्र वेगळे आहे. ती जुनी असली तरी क्रमांक आणि तारखेसह लिहावीत, कारण त्यांच्याशिवाय त्या पदांवर बसवताच येत नाही.

साल काढूनही वय दुसरीकडून डोकावते. वरच्या परिचयात ‘३४ वर्षांचा दांडगा अनुभव’ असे लिहिले की हिशेब करायला दोन सेकंद लागतात. तिथे ‘खाणीतील अवजड यंत्रांच्या देखभालीचा १० वर्षांहून अधिक अनुभव’ पुरे. तो खराही आहे आणि जागेशी जुळणाराही. ई-मेल आयडीच्या शेवटी `1972` असेल तर नवा आयडी काढावा. ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र, धर्म, मुलांची संख्या यांचे पहिल्या कागदावर काहीच काम नसते.

‘नवे येते’ हे कसे दाखवायचे?

‘नवीन तंत्रज्ञान शिकण्याची आवड’ या ओळीवर कोणी विश्वास ठेवत नाही. यंत्राचे नाव आणि बिघाडाचे नाव लिहिले की ठेवतात.

डिझेल मेकॅनिकसाठी सीमारेषा आहे १ एप्रिल २०२०. त्या दिवसापासून देशात बीएस ६ मानके लागू झाली आणि ट्रकची धूर सोडण्याची व्यवस्थाच बदलली. सायलेन्सरच्या जागी आता काजळी अडवणारा फिल्टर आणि युरियाचे द्रावण फवारून विषारी वायू कमी करणारी यंत्रणा आली. द्रावण संपले, निकृष्ट भरले किंवा सेन्सर बिघडला, की गाडी स्वतःच ताकद कमी करते. इंजिन ठणठणीत, पण चढावर गाडी ओढत नाही. आवाज ऐकून दोष ओळखणारा जुना हात इथे पुरत नाही. स्कॅनर जोडून फॉल्ट कोड वाचावा लागतो. पन्नाशीच्या मेकॅनिकबद्दल शंका असते ती नेमकी हीच: हा जुन्या पंपापाशी थांबलेला आहे का?

आपल्या उदाहरणातील मेकॅनिकने २०२१ पासून बीएस ६ टिपरच सांभाळले आहेत. ते त्यांनी कुठेच लिहिले नव्हते, कारण त्यांच्या मते ते ‘रोजचे काम’. तीच चार वर्षे आता अशी लिहिता येतात:

‘२०२१–२०२५: शिफ्ट मेकॅनिक प्रमुख. २२ बीएस ६ टिपरची देखभाल, हाताखाली ६ फिटर. स्कॅनरवर फॉल्ट कोड वाचून सेन्सर, युरिया यंत्रणा आणि काजळी फिल्टरचे दोष दुरुस्त. २५०, ५०० आणि १,००० तासांच्या सर्व्हिसचे वेळापत्रक स्प्रेडशीटमध्ये ठेवले. रोजचा बंद गाड्यांचा अहवाल इंजिनिअरला फोनवरून पाठवला.’

शेवटचे वाक्य साधे दिसते, पण तिसऱ्या शंकेचे उत्तर तिथे आहे. हा माणूस इंजिनिअरला रोज अहवाल देतच होता. आकडे मात्र तेवढेच लिहावेत, जे जुना सुपरवायझर फोनवर विचारल्यास मान्य करेल. ‘बिघाड ४० टक्के कमी केला’ असे लिहून मोजणी कशी केली ते सांगता आले नाही, तर मुलाखत तिथेच संपते.

आणि एखाद्याने बीएस ६ ला हातच लावला नसेल तर? मग ते लिहू नये. आधी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये काही आठवडे स्कॅनरवर हात बसवावा. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत अनुभवी कामगाराचे कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ‘पूर्वकौशल्याची मान्यता’ असे तिचे नाव. जवळ केंद्र सुरू आहे का, हे गडचिरोलीच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारता येते. अलीकडच्या तारखेचे एक प्रमाणपत्र जुन्या पाचांपेक्षा जास्त बोलते.

तब्येतीचे काय?

‘प्रकृती उत्तम’ लिहू नका. खाणीत घेताना वैद्यकीय तपासणी होतेच, नंतरही ठरावीक काळाने होते. आधीच्या खाणीतील तपासणीचा ‘फिट’ शेरा आणि महिना-वर्ष एका ओळीत द्यावे. १९६६ च्या नियमांनुसार खाण कामगारांना व्यावसायिक प्रशिक्षण आणि पुढे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याचे शेवटचे प्रमाणपत्र असेल तर तारखेसह लिहावे. चालक असाल तर अवजड वाहन परवान्याची वैधता. या तारखा सांगतात की माणूस अजून मैदानात आहे.

छाटणे आणि लपवणे यात फरक

जुनी नोकरी बायोडाटात न लिहिणे चालते. तारखा बदलणे चालत नाही. नोकरीवर घेताना पीएफसाठी यूएएन क्रमांक आणि जन्मतारीख द्यावीच लागते. त्या खात्याच्या सेवा इतिहासात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. २०१९ ला सोडलेली नोकरी २०२१ पर्यंत ओढली असेल तर ती इथे पकडली जाते, आणि मग वयापेक्षा खोटेपणाचे कारण पुढे येते. कंपनीच्या अर्जात जन्मतारखेचा रकाना असेल तर तो खरा भरावा. मधली रिकामी वर्षे असतील तर ‘घरची शेती’ एवढे लिहिले तरी पुरते.

जाहिरातीतच ‘कमाल वय ४५’ असेल, तर कितीही नीट छाटलेला बायोडाटा ती अट ओलांडत नाही. तिथे अर्जापेक्षा अनुभवी उमेदवाराला सवलत आहे का, हे फोन करून विचारण्यात वेळ वाचतो. छाटलेला कागद मुलाखतीपर्यंत नेतो; समोर बसल्यावर वय दिसणारच.

फाइल पाठवताना

बरेच अर्ज इथेच मरतात. टाइप केलेला कागद प्रिंट करून, मोबाइलने फोटो काढून पाठवला की संगणकाला त्यात अक्षरे सापडत नाहीत. ‘एक्सकॅव्हेटर’ शोधणाऱ्याला तुमचे नाव येत नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला बायोडाटा दुसऱ्याच्या फोनवर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा उमटतो. मराठी हवे असेल तर युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. कंपनीसाठी साध्या इंग्रजीतली प्रत वेगळी ठेवा. चौकटी आणि दोन स्तंभांचे नमुने टाळा, दोन पानांच्या आत आटपा आणि झेरॉक्स सेंटरवाल्याकडून पीडीएफसोबत वर्ड फाइलही मागून घ्या, म्हणजे पुढच्या अर्जाला पुन्हा पैसे मोजावे लागणार नाहीत. फाइलचे नाव `biodata new final 2.pdf` नको, `Diesel_Mechanic_Alapalli.pdf` असे असावे.

शेवटी दोन माणसांची नावे आणि फोन नंबर तयार ठेवा, पण त्यांना आधी विचारून. एक जुना इंजिनिअर किंवा सुपरवायझर, आणि शक्य झाल्यास दुसरा तुमच्या हाताखाली काम शिकलेला तरुण फिटर.