काम लांबलं, पॉलिसी मात्र संपली

26 मे 2025 रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. नेहमीच्या तारखेपेक्षा सुमारे पंधरवडा आधी. छत्र्यांची शोधाशोध सुरू झाली ती घरांत. बांधकामाच्या साइटवरची पंचाईत वेगळी होती. ‘पावसाआधी काम आटोपू’ या हिशेबाने ज्या ठेकेदारांनी विम्याची मुदत 31 मेपर्यंत घेतली असेल, त्यांच्या पायाच्या खड्ड्यात आणि तळघरात पाणी आलं तेव्हा पॉलिसीचे जेमतेम पाच-सहा दिवस उरले होते.

या विम्याला ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’, म्हणजे सोयीने ‘कार पॉलिसी’ म्हणतात. मोटारीशी तिचा काही संबंध नाही. बांधकाम चालू असताना आग, पूर, वादळ, भूकंप, चोरी, स्लॅब कोसळणं अशा कारणांनी कामाचं नुकसान झालं, तर ते ही पॉलिसी भरून देते. बाजूच्या इमारतीला तडे गेले किंवा रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली, तर ती जबाबदारी पॉलिसीच्या दुसऱ्या भागात येते. घराच्या आगीच्या विम्यासारखं दरवर्षी नूतनीकरण इथे नसतं. काम सुरू झाल्यापासून ते संपेपर्यंतचा अंदाजे काळ धरून एकदाच पॉलिसी घेतली जाते आणि शेवटची तारीख तिच्यावर छापलेली असते. आपल्याकडे किती इमारती छापलेल्या तारखेला पुऱ्या होतात, हे फ्लॅट घेतलेल्या कुणालाही विचारावं.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात एका सोसायटीच्या पुनर्विकासाचं बारा मजली काम आहे. विम्याची रक्कम 30 कोटी, मुदत 1 डिसेंबर 2023 ते 31 मे 2025 अशी अठरा महिन्यांची, हप्ता साडेचार लाख. मे उजाडला तेव्हा स्लॅब सगळे पडलेत, पण बाहेरचं प्लास्टर अर्धं, लिफ्ट यायची आहे आणि निम्मे मजूर गावी गेलेत. सोसायटीने करारात सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. ठेकेदाराला वाटलं, झालं.

इथेच पाय घसरतो. सोसायटीने दिलेली मुदतवाढ ठेकेदार आणि सोसायटीतल्या कराराची आहे. विमा कंपनी त्या करारात पक्षकारच नाही. 2020 च्या टाळेबंदीतही हेच होतं. त्या मे महिन्यात महारेराने प्रकल्पांना सहा महिने वाढवून दिले, पण ती वाढ प्रकल्पाच्या नोंदणीची होती. विम्याची तारीख तिने एका दिवसानेही पुढे सरकली नाही.

म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो पॉलिसी जिवंत असताना. तीन-चार आठवडे हाताशी ठेवलेले बरे. उशीर का झाला, आज काम किती टक्के झालंय, उरलेलं काम कोणत्या महिन्यात काय होणार, नवी शेवटची तारीख कोणती आणि आतापर्यंत किती दावे झाले, एवढं पत्रात लागतं. सोबत कामाचं सुधारित वेळापत्रक आणि करारातल्या मुदतवाढीची प्रत. ‘कामास विलंब झाल्याने मुदत वाढवून मिळावी’ असं एका ओळीचं पत्र पाठवलं, की विमा कंपनीकडून प्रश्नांची यादी येते आणि तेवढ्यात आठवडा जातो. मोठ्या कामांत पुनर्विमा कंपनीचीही संमती लागते, मग आणखी काही दिवस.

अर्जासोबत ‘आजमितीस कोणतंही नुकसान झालेलं नाही’ असं लिहून द्यावं लागतं. या वाक्यावर थोडं थांबायला हवं. समजा, 26 मेच्या पावसाने आपल्या उदाहरणातल्या तळघरात पाणी साचून विजेच्या सामानाचं नुकसान झालं. मुदतवाढ अडेल या भीतीने ठेकेदाराने ते दडवलं आणि 28 मे रोजी ‘नुकसान नाही’ म्हणून सही केली. खरं तर ते नुकसान जुन्या मुदतीतलंच होतं. दावा केला असता तर सुरुवातीचा ठरलेला भाग वजा होऊन पैसे मिळण्याचा रस्ता खुला होता. नेहमीच्या शब्दरचनेत चौदा दिवसांत कळवलं नाही तर कंपनीची जबाबदारी उरत नाही. म्हणजे हा दावा गेला, आणि खोट्या निवेदनावर मिळालेली मुदतवाढही धोक्यात आली.

आता पैशांचं बघू. अठरा महिन्यांना साडेचार लाख, म्हणजे सहा महिन्यांना दीड लाख, असा सरळ हिशेब ठेकेदार मांडतो. तो फक्त सुरुवातीचा आकडा. पहिल्या सहा महिन्यांत साइटवर खड्डा आणि पाया होता, नुकसान होऊन होणार किती? आता जवळजवळ पूर्ण इमारत उभी आहे, वर चार महिन्यांचा पावसाळा या वाढीव मुदतीत येतोय. हप्त्यावर कंपनी वाढ मागू शकते, पुराच्या दाव्यात ठेकेदाराने सोसायचा भाग वाढवू शकते, आधी साइट पाहू असंही म्हणू शकते. मुदत वाढवून देणं तिच्यावर बंधनकारक नसतं. या घासाघिशीत कंपनीची बाजू अगदीच चुकीची नाही, हे मान्य करायला हवं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट विम्याच्या रकमेची. लांबलेलं काम महागतं. 30 कोटींचं काम पूर्ण होईपर्यंत 36 कोटींवर गेलं आणि तारीख तेवढी वाढवली, रक्कम वाढवलीच नाही, तर विमा अपुरा ठरतो. मग 60 लाखांच्या नुकसानीला 36 पैकी 30 या प्रमाणात 50 लाखच धरले जातात आणि त्यातूनही ठेकेदाराचा भाग वजा होतो. भाववाढीचं संरक्षण आधीच घेतलं असेल तर गोष्ट निराळी. नसेल, तर तारीख आणि रक्कम एकाच अर्जात बदलून घ्यावी.

मध्ये काम बंद पडलं असेल तर तेही अर्जात स्पष्ट लिहावं. काम थांबल्यामुळे झालेलं नुकसान पॉलिसी सहसा देत नाही. महिनोन्‌महिने ओस पडलेल्या साइटवरच्या गंजलेल्या सळ्या आणि चोरीला गेलेल्या सेंटरिंगच्या प्लेटा यांवरून वाद होतात ते याच कलमामुळे. तसंच, खालच्या मजल्यांवर लोक राहायला आले तर तेवढ्या भागाचं बांधकाम-विम्याचं संरक्षण, तारीख पुढची असली तरी, संपू शकतं. त्या भागासाठी वेगळा आगीचा विमा लागतो.

तारीख उलटून गेल्यावर अर्ज केला तर? कंपनी कदाचित साइट पाहून पुढच्या दिवसांपासून विमा देईल, पण मधल्या रिकाम्या दिवसांत जे घडलं ते ठेकेदाराच्या डोक्यावर. ‘तुमचा अर्ज मिळाला’ या ईमेलवरही विसंबू नये. विमा कायद्याच्या 64 व्हीबी कलमानुसार हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. हप्ता आणि त्यावरचा जीएसटी भरला गेला आणि नव्या तारखेचं एन्डॉर्समेंट हाती आलं, की मगच मुदत वाढली.

पुनर्विकासात घर सोडून भाड्याने राहणाऱ्या सभासदांनीही यात लक्ष घालावं. पॉलिसीवर सोसायटीचं नाव आहे का, हे आधी पाहावं. सर्वसाधारण सभेत ठेकेदाराला मुदतवाढ देण्याचा विषय आला, की ठरावाला हात वर करण्याआधी विम्याच्या एन्डॉर्समेंटची प्रत मागून घ्यावी.