फोटोवरून रसाच्या ग्लासातील साखर कशी ओळखावी?



मागच्या महिन्यात आमच्या गटातील एका सभासदांनी मोबाईलवर रसवंतीतल्या ग्लासाचा फोटो पाठवला. त्यांना मधुमेह आहे. "साहेब, रसात वरून साखर घालत नाहीत, मग दोन चमच्यांपेक्षा जास्त नसेल ना?" असे त्यांनी विचारले. ऊस पिकवणाऱ्याला रसाचा अंदाज नसावा, याचे आम्हांला नवल वाटले. पण खरे सांगायचे तर फोटोवरून तो लगेच आम्हांलाही देता येईना.

हिशेबाला दोन गोष्टी लागतात : रस किती आणि त्यात साखर किती टक्के. फोटो पहिल्याचे उत्तर देतो, दुसऱ्याचे देत नाही.

रस मोजण्यासाठी ग्लासाला लागून, बाजूला, दहा रुपयांचे नाणे उभे करावे आणि मोबाईल रसाच्या उंचीवर धरून समोरून फोटो घ्यावा. नाणे ग्लासाच्या पुढे ठेवले तर ते मोठे दिसते आणि ग्लास लहान भरतो. हे नाणे २.७ सें.मी. रुंद असते. आमच्या सभासदांच्या फोटोत ते पट्टीने ०.९ सें.मी. भरले, म्हणजे फोटोतला १ सें.मी. हा प्रत्यक्षातला ३ सें.मी. झाला. रसाची रुंदी फोटोत २, म्हणजे खरी ६ सें.मी.; उंची फेस सोडून ३, म्हणजे खरी ९ सें.मी. निमुळत्या ग्लासाची वरची व खालची रुंदी घेऊन मध्य काढावा. काचेची जाडी आणि जाड बूड मोजू नये. रुंदीचा निम्मा ३, म्हणून ३.१४ × ३ × ३ × ९ = सुमारे २५४ मि.ली. रुंदी दोनदा गुणली जाते, त्यामुळे ६ च्या जागी ६.५ धरले तरी रस १७ टक्के जास्त भरतो. जपून मोजावे ते रुंदीच.

त्या ग्लासात बर्फाने सुमारे चौथाई जागा घेतली होती. ती वजा जाता रस उरला १९० मि.ली. बर्फ आधीच भांड्यात टाकलेला असेल, तर वितळलेले पाणी फोटोत दिसत नाही; ते रसवंतीवाल्यालाच विचारावे.

आता गोडी. पक्व उसाचा ब्रिक्स साधारण १८ धरतो, पण रसवंतीला १५ चाही ऊस येतो आणि २१ चाही. रंग फसवतो. गर्द हिरवा किंवा काळपट रस हा जातीचा, सालीचा आणि हवा लागल्याचा परिणाम असतो. त्यावरून गोडी ठरत नाही. लिंबू-आल्याने जिभेला गोडी कमी लागते, साखर मात्र तेवढीच राहते.

ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसातले विरघळलेले पदार्थ. त्यातला सुमारे ९० टक्के भाग साखरेचा धरावा. कारखान्यात आपण पोल पाहतो, पण शरीराला उसातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही साखरच आहे, म्हणून तेही यात धरले. १९० मि.ली. रसाचे वजन सुमारे २०४ ग्रॅम. ब्रिक्स १८ असेल तर २०४ × ०.१८ × ०.९ = ३३ ग्रॅम. १५ असेल तर सुमारे २७, २१ असेल तर ३९. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर साडेपाच ते आठ चमचे!

खात्री करावी म्हणून आम्ही हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन त्या रसवंतीत गेलो. बर्फ न लागलेल्या रसाचे दोन थेंब काचेवर टाकले, वाचन आले २०. दुसऱ्या मोळीतल्या उसाचा रस काढायला लावला, वाचन आले १६. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून फोटो काढला, तर फरक कुणालाच सांगता येईना. त्याच मापाने एकात ३७ ग्रॅम, दुसऱ्यात २९ ग्रॅम. म्हणून फोटोवरून एक आकडा सांगू नये, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन सांगावेत.

लस्सी आणि मिल्कशेकचे काम आणखी अवघड. तिथे माप निघते, पण साखर पांढऱ्यात मिसळलेली असते. दुधाच्या स्निग्धांशामुळे आणि प्रथिनांमुळे रिफ्रॅक्टोमीटरची रेघही पुसट येते. तिथे किती चमचे घातले ते विचारणे हाच उपाय. शिवाय १०० मि.ली. दुधात ४ ते ५ ग्रॅम दुधाची स्वतःची साखर असते, ती वेगळी.

आमच्या सभासदांना आम्ही एवढेच कळवले : दोन चमचे नव्हे, सहा-सात. आणि या अंदाजावरून गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त करू नका, ते डॉक्टरांनीच ठरवायचे. त्यांचा उलट निरोप आला, "मग निम्मा ग्लास, तोही डॉक्टरांना विचारून."

– ऊस विकास विभाग