टेक, कट आणि संहिता

नाट्यमंडळात नाव घातलंस की हातात स्क्रिप्ट पडेल. आपल्याकडे तिला संहिता म्हणतात. कोणती भूमिका कोण करणार हे ठरवणं म्हणजे कास्टिंग, आणि निवडलेली सगळी मंडळी म्हणजे कास्ट.

सीन मात्र नीट समजून घे. नाटकाचे अंक असतात आणि अंकात प्रवेश. प्रवेश म्हणजेच सीन. सिनेमात जागा किंवा वेळ बदलली की सीन बदलतो. समजा, घरात बापलेकीचं भांडण होतं आणि मुलगी तडक स्टेशन गाठते. हे दोन सीन झाले. त्यातला पहिला तीन शॉटमध्ये घ्यायचा आहे आणि वडिलांच्या शॉटला नट अडखळला, तर दिग्दर्शक ‘कट’ म्हणतो. कॅमेरा थांबतो, क्लॅपवर ‘टेक 2’ लिहिलं जातं आणि तोच शॉट पुन्हा घेतात. त्यातला चांगला टेक पुढे संकलनात निवडला जातो.

रंगमंचावर ही सोय नाही. प्रयोगात वाक्य विसरलं, तर समोरच्या नटाने सावरून घ्यायचं किंवा विंगेतल्या प्रॉम्प्टरने हळूच शब्द पुरवायचा. तालमीत दिग्दर्शक ‘हे कट कर’ म्हणाला, तर बहुतेकदा ते वाक्य गाळायचं असतं. तेव्हा खुणा पेन्सिलीनेच कर. गाळलेली वाक्यं पुष्कळदा परत येतात.