जिप्सम की रेती-सिमेंट? आधी भिंत बघा, मग गिलावा ठरवा

नव्या फ्लॅटच्या माहितीपत्रकात हल्ली 'आतून जिप्सम प्लास्टर' ही ओळ हमखास असते. स्वतःचं घर बांधणाऱ्यालाही ठेकेदार विचारतोच, "आतून जिप्सम मारू की नेहमीचं रेती-सिमेंट?" बहुतेक घरांत हा प्रश्न स्क्वेअर फुटाच्या दरावर सुटतो. दर जरूर बघावा, पण त्याआधी खोलीच्या चारही भिंती एकेक करून बघाव्यात. एकाच खोलीतल्या दोन भिंतींना दोन वेगळे गिलावे लागू शकतात, आणि ते ठरतं पाण्यावरून.

पाणी दोन्हींना लागतं, पण वेगवेगळ्या तऱ्हेनं. जिप्सम हा खनिज दगड आहे आणि त्याच्या स्फटिकातच पाणी बांधलेलं असतं. तो सुमारे 150 अंशांपर्यंत तापवला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी निघून जातं आणि गोणीत मिळते ती पांढरी पूड उरते. तिच्यात पाणी घातलं की ती हरवलेलं पाणी परत घेते आणि अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा दगड होते. या वेळी ती आकसत नाही, उलट किंचित फुगते. उरलेलं जादा पाणी वाळून गेलं की काम संपलं, वर पाणी मारायची गरज नाही.

सिमेंटचं काम सावकाश चालतं. भिंतीवर माल लागला की पुढचे निदान सात दिवस त्याला ओलं ठेवावं लागतं, म्हणजे ताकद येते. नंतर तो वाळतो आणि वाळताना आकसतो. फिनिशिंग, भेगा आणि ओल या तिन्ही बाबतींतला फरक इथूनच सुरू होतो.

ठाण्यातल्या एखाद्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची बेडरूम डोळ्यांपुढे आणू. आरसीसीचा सांगाडा, मध्ये सहा इंची एएसी ब्लॉकच्या भिंती. पश्चिमेची भिंत बाहेरची, म्हणजे पावसाचा मारा थेट तिच्यावर. दुसऱ्या भिंतीपलीकडे बाथरूम, तिसरीपलीकडे हॉल आणि चौथीपलीकडे पॅसेज.

हॉलकडची भिंत आधी घेऊ, कारण ती कोरडी आहे आणि तिथे जिप्समची खरी करामत दिसते. रेती-सिमेंटचा पृष्ठभाग रंध्यानं कितीही घोटला तरी खरखरीतच राहतो. पूर्वी त्यावर नीरू घोटत, आता पुट्टीचे दोन हात मारतात. जिप्सम ब्लॉकवर थेट लागतो, पाट्यानं ओढला की गुळगुळीत होतो आणि पुट्टीशिवायही त्यावर प्रायमर चढतो. भिंत दहा फूट बाय दहा फूट धरली, तर 13 मिलिमीटर जाडीला 25 किलोच्या साधारण पाच गोण्या लागतात. पण ब्लॉकचं काम ओळंब्यात नसेल आणि सरासरी जाडी 18 मिलिमीटरवर गेली, तर त्याच भिंतीला सात गोण्या लागतील. स्वस्तात केलेलं बांधकाम जिप्समच्या बिलात असं वसूल होतं. त्याच भिंतीला 15 मिलिमीटर जाडीचा एकास पाच प्रमाणातला सिमेंटचा गिलावा केला, तर सिमेंटची जेमतेम एक गोणी आणि पाच-सव्वापाच घनफूट रेती लागते. तिथे जाडी थोडी वाढली तरी खिशाला तेवढी झळ बसत नाही.

गुळगुळीत म्हणजे सरळ, असं मात्र नाही. जिप्सम काचेसारखा दिसतो आणि तरी त्यात लाटा असू शकतात. गवंड्यानं ओळंबा धरून मालाचे लेव्हलचे ठिपके न मारता नुसत्या अंदाजानं पाटा ओढला की हे होतं. दिवसा समोरून काही कळत नाही. रात्री खोलीतले दिवे बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरावा. प्रत्येक उंचवटा आपली सावली टाकतो. मग सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी उभी, आडवी आणि तिरपी लावून बघावी की तिच्याखाली कुठे फट दिसते का. रंगाच्या आधीचे हे पाच मिनिटांचे काम आहे. छताच्या कडेनं एलईडीची पट्टी लावणार असाल तर ते टाळूच नका, कारण तो उजेड भिंतीवरून घासत खाली येतो आणि रोजच त्या लाटा दाखवतो.

जिप्समची दुसरी पारख हातानं होते. पूड पाण्यात टाकायची असते, पुडीत पाणी ओतायचं नसतं, आणि घमेल्यातला माल अर्ध्या तासाच्या आत भिंतीवर जायला हवा. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल केला, की नुकते बनलेले स्फटिक मोडतात आणि परत जुळत नाहीत. असा माल वाळल्यावर पांढराशुभ्र दिसतो खरा, पण तळवा फिरवला की पीठ हाताला लागतं आणि नखानं ओरखडा खोल जातो. एवढा भाग काढून नव्यानं करून घ्यावा. प्रायमरनं तो सुधारत नाही.

आता भेगांचं. जिप्सम मारला की भेगा जात नाहीत. जातात त्या एकाच जातीच्या, केसाएवढ्या बारीक, जाळीसारख्या पसरलेल्या. त्या सिमेंटच्या आकसण्यातून येतात. माल जास्त सिमेंटचा असला, वर पाणी नीट मारलं नाही, किंवा क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी जास्त असली की त्या हमखास दिसतात. भुकटी पाणी जास्त मागते, आणि जेवढं पाणी जास्त तेवढं आकसणं जास्त. 'सिमेंट वाढवा, मजबूत होईल' ही समजूत गिलाव्याच्या बाबतीत नुकसानीची आहे. एएसी ब्लॉक हलका आणि नरम असतो. त्यावर एकास तीनचा कडक माल चढवला, तर आकसताना तो ब्लॉकलाच खेचतो आणि तडकतो किंवा सुटतो. मागच्या भिंतीपेक्षा गिलावा कडक नसावा, म्हणून इथे एकास पाच किंवा एकास सहा बरा. शिवाय हा ब्लॉक पाणी शोषतो. कोरड्या ब्लॉकवर माल लावला तर तो सिमेंटचं पाणी ओढून घेतो आणि गिलावा भुसभुशीत राहतो. उलट ब्लॉक चिंब भिजवला तर नंतर वाळताना तोच आकसतो. नुसता ओलसर करून काम करणारा गवंडी भेटला तर त्याला धरून ठेवा.

बाकीच्या भेगा गिलाव्याच्या नसतातच. बीमच्या खालून सरळ आडवी गेलेली किंवा कॉलमच्या कडेनं उभी उतरलेली भेग सांगते की काँक्रीट आणि ब्लॉक आपापल्या परीनं हलताहेत. जिप्सम असो वा सिमेंट, ही भेग दोन्हींत येते. उपाय गिलाव्याच्या आधीचा आहे: भिंतीचा वरचा शेवटचा थर लगेच बीमला न भिडवता काही दिवस थांबून भरणं आणि सांध्यावर दोन्ही बाजूंना चार-सहा इंच जाईल अशी जाळी ठोकणं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि वाढत जाणारी भेग दिसली, तर रंगाऱ्याला न बोलावता इंजिनिअरला बोलवावं.

जिप्समची स्वतःची खोड वेगळी आहे. स्लॅब आणि कॉलमचं काँक्रीट गुळगुळीत असतं, त्यावर शटरिंगच्या तेलाचा अंश राहिलेला असतो. तिथे पृष्ठभाग धुऊन बाँडिंगचा हात दिला नाही, तर जिप्सम तडकत नाही, सरळ पापुद्र्यासारखा सुटतो. नाण्यानं ठोकत गेलं की पोकळ आवाज येतो. दोन्ही गिलाव्यांची ही तपासणी रंगाच्या आधीच करून घ्यावी.

ओलीच्या बाबतीत मात्र माझ्या मनात शंका नाही. घट्ट झालेला जिप्सम पाण्यात थोडा विरघळतो, लिटरमागे साधारण दोन ग्रॅम. एकदा पाणी सांडलं तर काहीच होत नाही. पण दर पावसाळ्यात दोन महिने ओली राहणारी भिंत असेल, तर तो आतून मऊ पडतो, रंग फुगतो आणि बोट टोचलं की आत जातं. सिमेंटच्या गिलाव्यातूनही ओल येते, पोपडे सुटतात, लोणा फुलतो. तो काही वॉटरप्रूफ नाही. पण पाणी थांबलं आणि भिंत वाळली की तो जागेवर असतो. खरवडून रंग दिला की चालतं. आणखी एक फरक लोखंडाचा. सिमेंट अल्कधर्मी असल्यानं आतलं लोखंड जपतं, ओल्या जिप्सममध्ये ते गंजतं. म्हणून जिप्समखाली जाळी गॅल्व्हनाइज्डच हवी, नाहीतर तांबूस डाग रंगातून वर येतात.

म्हणून आपल्या बेडरूममध्ये हॉलची आणि पॅसेजची भिंत जिप्समची, बाथरूमकडची भिंत दोन्ही बाजूंनी सिमेंटची. पश्चिमेची भिंतही सिमेंटचीच, निदान बाहेरचा गिलावा आणि खिडकीची चौकट यांनी एक पूर्ण पावसाळा निभावून दाखवेपर्यंत. जिथे जिप्सम आहे तिथेही तो फरशीपर्यंत उतरवू नये. खालचे चार ते सहा इंच सिमेंटचे ठेवले, की फरशी पुसतानाचं पाणी वर चढत नाही, आणि तो पट्टा बराचसा स्कर्टिंगखाली झाकला जातो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंती असतात. तो दगड सच्छिद्र आणि पाऊस धो धो. तिथे बाहेरच्या भिंतींना आतून जिप्सम मारायचा विचारही मी करणार नाही.

भिंत ओली आहे की खोलीतली हवा दमट आहे, हा संभ्रम पावसाळ्यात नेहमी पडतो. फूटभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीनं भिंतीवर घट्ट लावावा आणि एक दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर ती हवेतली दमट. भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय, आणि ते कुठून येतं हे सापडेपर्यंत कुठलाही गिलावा करून उपयोग नाही.

ओल लागून फुगलेल्या जिप्समची दुरुस्ती करताना एक चूक सर्रास होते. सैल झालेलं खरवडून उरलेल्या जिप्समवरच सिमेंटचा माल थापतात. जिप्सममधलं सल्फेट आणि सिमेंट यांची ओलसर जागी एकमेकांशी प्रक्रिया होते. त्यातून नवे स्फटिक वाढतात, ते जागा मागतात आणि दोन्हींमधला सांधा उचलतो. वर्ष-दोन वर्षांत ठिगळ हातात येतं. पांढऱ्या सिमेंटमध्ये पीओपी मिसळून भोकं बुजवणं हाही त्याच चुकीचा प्रकार, कारण पीओपी म्हणजे जिप्समच. त्या जागी सिमेंट करायचं असेल तर जिप्सम ब्लॉक उघडा पडेपर्यंत, डागाच्या कडेपासून अर्धा फूट पुढे जाऊन, पूर्ण काढावा, ब्रशनं भुकटी झाडावी, भिंत वाळू द्यावी आणि मगच माल लावावा.