पंच्याऐंशीला पडणारा चिवडा पंचाहत्तरला विकायचा? असाइनमेंटमधलं गणित नेमकं इथंच फसतं

बी.कॉम.च्या कॉस्ट अकाउंटिंगच्या असाइनमेंटमध्ये एक गणित हमखास येतं. कारखाना असतो, नफा चाललेला असतो आणि अचानक कुणीतरी कमी भावात मोठी ऑर्डर घेऊन येतं. शेवटी प्रश्न असतो, ऑर्डर घ्यावी की नाही? निम्मी पोरं 'घेऊ नये' असं लिहून मोकळी होतात आणि तिथंच मार्क जातात.

एक उदाहरण घेऊ. समजा, चिवड्याचा एक छोटा कारखाना आहे. पाकिटाची विक्री किंमत १०० रुपये. पोहे, तेल, शेंगदाणे, पॅकिंग असा प्रत्येक पाकिटामागे होणारा खर्च ६० रुपये. हा झाला बदलता खर्च, म्हणजे व्हेरिएबल कॉस्ट. पाकीट बनलं तरच तो होतो. जागेचं भाडं, पगार, कर्जाचं व्याज मिळून महिन्याला २ लाख रुपये जातात. एकही पाकीट बनलं नाही तरी हे द्यावेच लागतात, म्हणून हा स्थिर खर्च, म्हणजे फिक्स्ड कॉस्ट. महिन्याला ८,००० पाकिटं विकली जातात आणि कारखान्याची क्षमता आहे १०,००० पाकिटांची.

१०० मधून ६० गेले, उरले ४०. या ४० रुपयांना म्हणतात कॉन्ट्रिब्युशन. बरेच जण यालाच नफा समजतात, पण तो अजून नफा नाही. हे ४० रुपये आधी भाडं-पगाराच्या खड्ड्यात जातात. २ लाखांचा खड्डा ४०-४० रुपयांनी भरायचा तर ५,००० पाकिटं लागतात. हाच ब्रेक-इव्हन पॉइंट, ना नफा ना तोटा. त्यापुढच्या प्रत्येक पाकिटाचे ४० रुपये मात्र खिशात.

आता विक्री ८,००० आहे, म्हणजे ब्रेक-इव्हनच्या वर ३,००० पाकिटं. ही मार्जिन ऑफ सेफ्टी. विक्री ३७.५ टक्क्यांनी घसरेपर्यंत मालकाला तोटा नाही. नफा किती? ३,००० गुणिले ४०, म्हणजे १ लाख २० हजार. उत्तर तपासायचं तर एकूण कॉन्ट्रिब्युशन ३ लाख २० हजार, त्यातून २ लाख वजा करा. तोच आकडा आला पाहिजे. नाही आला तर आकडेमोड कुठंतरी चुकलेली असते; आणि आकडा जुळला तरी एखादा स्थिर खर्च बदलत्यात घुसलेला असू शकतो. लाइट बिल हा इथला नेहमीचा चोर, कारण त्यातला ठराविक आकार स्थिर असतो आणि युनिटचा भाग बदलता.

आता येते ती ऑर्डर. एक कॅन्टीनवाला २,००० पाकिटं मागतो, पण ७५ रुपयांनी. विद्यार्थी काय करतो? २ लाखांना ८,००० ने भागतो, पाकिटामागे २५ रुपये स्थिर खर्च धरतो, त्यात ६० मिळवतो आणि म्हणतो, 'पाकीट ८५ ला पडतं, ७५ ला विकलं तर १० रुपये तोटा.'

भागाकार बरोबर आहे, पण तो इथं लागूच होत नाही. भाडं-पगार आधीच्या ८,००० पाकिटांनी भरून झालेत आणि या ऑर्डरमुळे ते एक रुपयानंही वाढत नाहीत. वाढतात ते फक्त ६० रुपये. म्हणून प्रत्येक पाकिटामागे १५ रुपये कॉन्ट्रिब्युशन, २,००० पाकिटांवर ३० हजार. नफा १ लाख २० हजारांवरून दीड लाखावर जातो. उत्तर : ऑर्डर घ्यावी.

पण कॅन्टीनवाल्यानं ३,००० मागितली तर? क्षमता १०,००० चीच आहे, त्यामुळे नेहमीच्या गिऱ्हाइकांची १,००० पाकिटं कमी करावी लागतील. ऑर्डरमधून मिळतील ४५ हजार, हातचे जातील ४० हजार. एवढा खटाटोप करून पदरात फक्त ५ हजार. क्षमतेचा आकडा प्रश्नात उगाच दिलेला नसतो, तरी तो वाचायचा राहून जातोच.

खरा धोका वेगळाच आहे. ७५ चा भाव नेहमीच्या दुकानदारांना कळला आणि त्यांनीही तोच मागितला, तर प्रत्येक पाकिटावर १५ रुपयेच उरतील. मग २ लाखांचा खड्डा भरायला १३,३३४ पाकिटं लागतील आणि कारखाना बनवू शकतो १०,०००. म्हणजे सगळा माल विकला तरी महिन्याला ५० हजारांचा तोटा. म्हणूनच 'ऑर्डर घ्यावी' या उत्तराखाली एक ओळ लिहावी लागते : नेहमीच्या बाजारातला भाव १०० रुपयेच राहील, असं गृहीत धरलं आहे.